पुरवठादार दरपत्रकानुसार वस्तुसूचीचे अद्ययावतीकरण

पुरवठादार दरपत्रकानुसार वस्तुसूचीचे अद्ययावतीकरण ही व्यापारी नोंदव्यवस्थेतील एक संगणकीय प्रक्रिया आहे. पुरवठादाराने ई-मेलसोबत पाठवलेली दरपत्रकाची संलग्न फाइल (अटॅचमेंट) वाचणे, तीतील प्रत्येक ओळ दुकानाच्या वस्तुसूचीतील नोंदीशी जुळवणे, दोहोंतील फरकांचा बदलप्रस्ताव तयार करणे, तो माणसाकडून तपासून घेणे आणि मंजूर झालेले बदलच वस्तुसूचीत उतरवणे, असे तिचे पाच टप्पे आहेत. फाइल वाचणारा भाग वस्तुसूचीत थेट काहीही लिहीत नाही, हे या प्रक्रियेचे मुख्य लक्षण होय. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये असलेल्या पडताळणीच्या टप्प्याशिवाय एकही दर बदलत नाही.

दरपत्रकातील दर वरवर पाहता एक आकडा असतो. प्रत्यक्षात त्याला मूळ रक्कम, परिमाण, कर आणि अंमलाची तारीख अशी चार अंगे असतात. या चारांपैकी एखादे अंग बदलूनही आकडा तसाच राहू शकतो, किंवा आकडा बदलूनही खरा दर उलट दिशेने गेलेला असू शकतो. म्हणून पडताळणीच्या टप्प्यात ही चारही अंगे तपासणाऱ्यासमोर असावी लागतात. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या भागातील कृषी निविष्ठा व ठिबक सिंचन साहित्याच्या दुकानाचे उदाहरण घेऊन या प्रक्रियेचे वर्णन केले आहे.

## पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे आठ तालुके आहेत. मराठवाड्यातील या अवर्षणप्रवण जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. ऊस, द्राक्ष यांसारख्या पिकांसाठी ठिबक सिंचनाचा वापर होतो. त्यामुळे तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्रात बियाणे, खते, कीटकनाशके आणि अनेकदा ठिबकच्या नळ्या व पीव्हीसी पाइप असा अनेक कंपन्यांचा माल एकाच छताखाली असतो. प्रत्येक कंपनीचा किंवा घाऊक विक्रेत्याचा दर वेगळ्या वेळी बदलतो आणि प्रत्येकाच्या दरपत्रकाची मांडणी निराळी असते.

चुकीच्या दराचा परिणाम केवळ दुकानाच्या नफ्यापुरता राहत नाही. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याने खतांचा साठा व दर यांचा फलक दुकानात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे आणि ज्या खताचा कमाल दर ठरलेला आहे, ते त्यापेक्षा अधिक दराने विकता येत नाही. वेष्टनबंद वस्तूंवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व करांचा समावेश असतो आणि तिच्याहून जास्त घेणे हा वैधमापन कायद्याखालील गुन्हा ठरतो. पेरणीच्या दिवसांत दुकानात गर्दी असते आणि बिल संगणकातील दरानेच निघते. सूचीतील एक चूक त्या दिवसांत अनेक शेतकऱ्यांच्या बिलांवर उतरते, आणि ती लक्षात येईपर्यंत गिऱ्हाईक गावी परतलेले असते.

## ई-मेलमधून फाइल मिळवणे

दरपत्रकांसाठी टपालपेटीत स्वतंत्र कप्पा ठेवून पुरवठादारांची पत्रे त्यात वळवली जातात. संगणकीय कार्यक्रम आयमॅप या संकेतपद्धतीने तो कप्पा उघडतो आणि संलग्न फाइली काढून घेतो. पायथन भाषेतील त्याचे संक्षिप्त रूप असे असते:

```python
import imaplib, email, hashlib
from email import policy

box = imaplib.IMAP4_SSL("imap.example.com")
box.login(USER, PASSWORD)
box.select("Darpatrak", readonly=True)
_, data = box.search(None, "ALL")
for num in data[0].split():
    _, parts = box.fetch(num, "(BODY.PEEK[])")
    msg = email.message_from_bytes(parts[0][1],
                                   policy=policy.default)
    for a in msg.iter_attachments():
        body = a.get_payload(decode=True)
        if body:
            print(msg["Message-ID"], a.get_filename(),
                  hashlib.sha256(body).hexdigest())
```

यात `readonly=True` आणि `BODY.PEEK` यांमुळे पत्र ‘वाचलेले’ म्हणून नोंदले जात नाही. दुकानातील माणूस तीच टपालपेटी मोबाइलवर पाहत असल्यास त्याच्या दृष्टीने न वाचलेले पत्र न वाचलेलेच राहते. मात्र त्यामुळे कोणती फाइल आधी हाताळली, हे कार्यक्रमाला स्वतःच लक्षात ठेवावे लागते. शेवटच्या ओळीतील `sha256` हा फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा त्यासाठी जपून ठेवतात. पुरवठादार तेच दरपत्रक नाव बदलून पुन्हा पाठवतो तेव्हा ठसा जुळतो आणि ती फाइल बाजूला ठेवता येते. उलट, नाव तेच पण आतला एक दर दुरुस्त केलेला असेल, तर ठसा बदलतो. म्हणून फाइलच्या नावावरून नवी-जुनी ठरवत नाहीत.

पत्रावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव सहज खोटे लिहिता येते. त्यामुळे ओळखीच्या पत्त्यांची यादी ठेवून शिवाय टपाल-सेवेने `Authentication-Results` या शीर्षओळीत नोंदवलेला एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क तपासण्यांचा निकाल पाहिला जातो. या तपासण्या पत्र त्या पत्त्याच्या अधिकृत सर्व्हरवरून आले की नाही एवढेच सांगतात. पुरवठादाराचे खातेच दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर त्या निरुपयोगी ठरतात. दरपत्रकासोबत ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी सूचना आली असेल, तर ती या प्रक्रियेतून कधीही लागू केली जात नाही. जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करूनच तिची खात्री करतात. मॅक्रो असलेल्या `.xlsm` फाइली न उघडता परत पाठवून साध्या `.xlsx` किंवा `.csv` स्वरूपात मागवण्याचा प्रघात आहे.

## फाइलचे वाचन

दरपत्रके सामान्यतः एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ किंवा छापील कागदाचे छायाचित्र या रूपांत येतात. एक्सेलची फाइल वाचणे तुलनेने सोपे असले तरी तिच्यात दोन ठरावीक दोष आढळतात. वस्तूचा संकेत `00714` असा असेल, तर एक्सेल त्याला संख्या समजून `714` करते. तेरा अंकी बारकोडचे `8.90123E+12` असे रूप होते आणि त्याच रूपात फाइल सीएसव्ही म्हणून साठवली गेल्यास मूळ अंक कायमचे हरवतात. दुकानात अशी फाइल ‘फक्त पाहण्यासाठी’ एक्सेलमध्ये उघडून जतन केली, तरीही हे घडते. म्हणून मूळ संलग्न फाइल जशीच्या तशी जपून वाचन तिच्या प्रतीवर करतात आणि संकेताचा रकाना नेहमी मजकूर म्हणून वाचतात.

रकमा वाचताना `1,25,000` मधील स्वल्पविराम आणि `₹` किंवा `/-` ही चिन्हे काढून टाकावी लागतात. मराठी दरपत्रकात अंक देवनागरी असू शकतात. पायथनमधील `Decimal("२५०.५०")` ही रचना ते थेट वाचते. रकमांसाठी दशांश-अचूक असा `Decimal` प्रकारच वापरला जातो. `float` या प्रकारात ०.१० सारखी रक्कम नेमकी साठवता येत नाही आणि बेरजेत पैशाचा फरक पडू शकतो.

पीडीएफच्या बाबतीत मराठीत एक विशेष अडचण आहे. युनिकोडपूर्व काळातील श्री-लिपी, शिवाजी यांसारखे टंक वापरून केलेली पीडीएफ पडद्यावर शुद्ध मराठी दिसते. परंतु तिच्यातून मजकूर काढल्यावर रोमन अक्षरे व चिन्हांची निरर्थक जुळणी हाती येते, कारण त्या टंकांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. हा दोष ओळखणे सोपे आहे. वस्तूच्या नावांच्या रकान्यात देवनागरी युनिकोड अक्षरे अजिबात नसतील आणि रोमन शब्दही अर्थपूर्ण नसतील, तर फाइल जुन्या टंकातील समजावी. अशा वेळी त्या विशिष्ट टंकाचा परिवर्तक वापरतात किंवा वस्तूच्या संकेतावरूनच जुळणी करतात.

छायाचित्रातून अक्षरओळख करताना `3` व `8`, `1` व `7`, तसेच देवनागरी ५ व ६ यांची अदलाबदल होते. दरपत्रकात करपूर्व दर, कराचा टक्का आणि करासह दर असे तीन रकाने असल्यास त्यांचा परस्पर मेळ घालून ही चूक पकडता येते. ४८० रुपयांवर १८ टक्के कर धरल्यास ५६६.४० रुपये येतात. छायाचित्रातून ‘४३०’ आणि ‘५६६.४०’ असे वाचले गेले, तर गणित जुळत नाही आणि ती ओळ आपोआप बाजूला काढली जाते. एकच रकाना असलेल्या यादीत असा मेळ घालता येत नाही. म्हणून छायाचित्राच्या एकरकानी यादीतील प्रत्येक ओळ मूळ चित्राशेजारी ठेवून डोळ्यांनी तपासण्यावाचून पर्याय नसतो.

## वस्तूंची जुळणी

पुरवठादाराची ओळ आणि दुकानाची नोंद एकाच वस्तूची आहे, हे ठरवण्याचा खात्रीचा आधार म्हणजे पुरवठादाराचा वस्तुसंकेत. प्रत्येक पुरवठादारासाठी ‘त्याचा संकेत – आपला संकेत’ असा कोष्टक-नकाशा एकदाच तयार करून जपला जातो. नावावरून अंदाजे जुळणी करणे धोक्याचे असते. ‘ठिबक नळी १६ मिमी ४ लिटर’ आणि ‘ठिबक नळी १६ मिमी २ लिटर’ या नावांत एकाच अंकाचा फरक आहे, पण वस्तू वेगळ्या आहेत. नावाच्या साम्यावरून सुचलेली जुळणी केवळ सूचना म्हणून दाखवली जाते आणि माणसाने मान्य केल्यानंतरच नकाशात नोंदवली जाते.

रकान्यांच्या शीर्षकांनाही असाच नकाशा लागतो. ज्या याद्यांत वाहतूकखर्चासह जिल्हानिहाय दर दिलेले असतात, त्यांत धाराशिवचा रकाना शोधताना जिल्ह्याचे दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, तरी जुन्या साच्यावर तयार होणाऱ्या यादीत `OSMANABAD` हेच शीर्षक असू शकते. रकाना सापडला नाही तर शेजारचा घेण्याऐवजी संपूर्ण फाइल थांबवणे हा सुरक्षित नियम आहे.

## बदलप्रस्ताव: एक उदाहरण

जुळणीनंतर फरकांची यादी, म्हणजे बदलप्रस्ताव, तयार होतो. तो कसा वाचावा, हे वस्तू व सेवा कराच्या दरबदलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत ठिबक सिंचन संच, लॅटरल नळ्या व तुषार सिंचन साहित्य यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्याचे ठरले. हा बदल २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. पीव्हीसी पाइपवरील १८ टक्के कर मात्र तसाच राहिला. समजा, कळंब तालुक्यातील एका दुकानाला १५ सप्टेंबर रोजी पुरवठादाराचे नवे दरपत्रक आले. खालील वस्तू व रकमा नमुन्यादाखल घेतल्या आहेत. दर करपूर्व असून दुकानाचा नफा त्यात धरलेला नाही.

| क्र. | वस्तू | सूचीतील दर | नव्या यादीतील दर | कर |
|---|---|---|---|---|
| १ | इनलाइन ठिबक नळी १६ मिमी, ५०० मी. गुंडाळी | ५,००० | ५,००० | १२% → ५% |
| २ | साधी ठिबक नळी १६ मिमी, गुंडाळी | ४,००० (५०० मी.) | ३,३६० (४०० मी.) | १२% → ५% |
| ३ | पीव्हीसी पाइप ६३ मिमी, ६ मी. | ४८० | ५०४ | १८% कायम |
| ४ | बॉल व्हॉल्व्ह ६३ मिमी | २४० | २,४०० | १८% कायम |
| ५ | जाळीचा फिल्टर २ इंच | नोंद आहे | यादीत नाही | – |

पहिल्या ओळीत केवळ दराची तुलना केली, तर ‘बदल नाही’ असे उत्तर येते आणि ओळ पडताळणीस येतच नाही. परंतु करासह दर ५,६०० वरून ५,२५० रुपयांवर उतरला आहे. सूची जुन्या करावरच राहिली, तर प्रत्येक गुंडाळीमागे गिऱ्हाईकाकडून ३५० रुपये जादा घेतले जातील.

दुसरी ओळ सर्वांत फसवी आहे. गुंडाळीचा दर १६ टक्क्यांनी घटलेला दिसतो. प्रत्यक्षात गुंडाळीची लांबी ५०० वरून ४०० मीटर झाली असून मीटरचा करपूर्व दर ८ रुपयांवरून ८.४० रुपये झाला आहे, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढला आहे. करासह पाहिल्यास मीटरला पूर्वी ८.९६ रुपये पडत आणि आता ८.८२ रुपये पडतात. म्हणजे करकपातीमुळे गिऱ्हाईकाला नळी किंचित स्वस्त पडेल, पण कपातीचा बराचसा भाग पुरवठादाराच्या दरवाढीत विरून गेला आहे. तपासणाऱ्याला यातून दोन निर्णय घ्यावे लागतात. एक म्हणजे ४०० मीटरच्या गुंडाळीची नवी नोंद करायची आणि शिल्लक ५०० मीटरच्या गुंडाळ्यांची जुनी नोंद वेगळी ठेवायची. दुसरे म्हणजे पुरवठादाराकडे दरवाढीबद्दल विचारणा करायची.

तिसरी ओळ सरळ पाच टक्के दरवाढीची आहे. या पुरवठादाराच्या सर्व मालाला ‘ठिबक’ समजून सरसकट पाच टक्के कर लावण्याचा नियम कार्यक्रमात केला असता, तर हीच ओळ चुकली असती. कर पुरवठादारावरून नव्हे, तर प्रत्येक वस्तूच्या एचएसएन संकेतावरून ठरवावा लागतो. चौथ्या ओळीत दर दहापट झाला आहे. हा उघडच दशांशचिन्हाचा किंवा टंकलेखनाचा दोष असल्याने ती ओळ नामंजूर करून पुरवठादाराला कळवतात. पाचव्या ओळीतील फिल्टर नव्या यादीत नाही, एवढ्यावरून तो सूचीतून काढत नाहीत. पुरवठादाराने ती वस्तू बंद केली असेल, तिची वेगळी यादी येणार असेल किंवा फाइलचे दुसरे पान वाचायचे राहिले असेल. त्यामुळे गाळलेल्या वस्तूची फक्त सूचना दिली जाते.

पहिल्या दोन ओळींना एक समान अट आहे. पत्र १५ सप्टेंबरला आले तरी कराचा बदल २२ सप्टेंबरपासूनचा आहे. त्याआधीच्या बिलांवर १२ टक्के कर लावणे भाग आहे, मग माल कोणत्याही दिवशी येवो. म्हणून मंजुरी आज देता येते, पण अंमल पुढील तारखेचा ठेवावा लागतो.

## पडताळणीचा टप्पा

पडताळणीच्या पडद्यावर प्रत्येक ओळीसाठी जुना व नवा करपूर्व दर, परिमाण, दर एककाचा भाव, कराचा टक्का, करासह दर आणि अंमलाची तारीख शेजारी-शेजारी दाखवतात. सोबत मूळ फाइलचे नाव व ओळक्रमांक असतो, जेणेकरून शंका आल्यास मूळ यादी उघडून पाहता येते.

परिमाणाचा रकाना का अपरिहार्य आहे, याचे उदाहरण युरियाच्या गोणीत मिळते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची केली. नीम-लेपित युरियाच्या या गोणीची किंमत करासह २६६.५० रुपये आहे. पुढे गंधक-लेपित युरिया ‘युरिया गोल्ड’ या नावाने आला तेव्हा त्याची गोणी ४० किलोची ठरली आणि तिची किंमतही २६६.५० रुपयेच ठेवण्यात आली. फक्त किंमत तुलना करणाऱ्या कार्यक्रमाला या दोन गोण्यांत फरक दिसणार नाही. किलोचा भाव काढल्यास पहिला सुमारे ५.९२ आणि दुसरा सुमारे ६.६६ रुपये येतो. दोन्ही नोंदी एका संकेताखाली मिसळल्या, तर साठ्याचा हिशेब गोणीमागे पाच किलोने चुकतो.

पडताळणी निष्फळ ठरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ओळींची गर्दी. दोनशे ओळींच्या यादीत खरे बदल वीस असतील आणि सर्व दोनशे ओळी समोर आल्या, तर तपासणारा काही वेळाने न वाचताच ‘मंजूर’ म्हणू लागतो. म्हणून ओळींचे तीन गट करतात. चारही अंगे न बदललेल्या ओळी दाखवल्या जात नाहीत, त्यांची केवळ संख्या सांगितली जाते. ठरवलेल्या मर्यादेतील, उदाहरणार्थ दहा टक्क्यांपर्यंतच्या, दरबदलाच्या ओळी एकत्र मंजूर करता येतात. परिमाण किंवा कर बदललेल्या, मर्यादेबाहेरच्या, नव्या आणि गाळलेल्या ओळी मात्र एकेक करून मंजूर कराव्या लागतात. त्या गटात ‘सर्व मंजूर’ हे बटण ठेवत नाहीत. वरील उदाहरणात पाचपैकी फक्त तिसरी ओळ एकत्रित मंजुरीच्या गटात जाते.

संपूर्ण यादीपुरतीही एक तपासणी असते. मागील यादीत १८० ओळी होत्या आणि या वेळी फक्त ६० वाचल्या गेल्या, किंवा जवळजवळ प्रत्येक दर नेमका १८ टक्क्यांनी वाढला, तर दोष ओळींत नसून वाचनात असतो. पहिल्या प्रकारात एक्सेलची इतर पाने वाचायची राहिलेली असतात. दुसऱ्या प्रकारात करपूर्व दराच्या जागी करासह दराचा रकाना घेतला गेलेला असतो. अशी यादी एकही ओळ मंजूर न करता परत वाचनाकडे पाठवतात.

## बदल लागू करणे

मंजूर ओळी वस्तुसूचीत उतरवताना त्या एकाच व्यवहारात, म्हणजे सर्व किंवा काहीच नाही या रीतीने, लिहिल्या जातात. मध्येच वीज गेली तर अर्धी सूची नव्या आणि अर्धी जुन्या दराची राहू नये, हा त्यामागील हेतू असतो. प्रत्येक ओळीच्या आज्ञेत तपासणाऱ्याने पाहिलेला जुना दरही अट म्हणून घालतात:

```sql
BEGIN;
UPDATE product SET price = 504.00
 WHERE code = 'PVC63-6' AND price = 480.00;
COMMIT;
```

मंजुरी आणि अंमल यांच्या मधल्या काळात दुकानातील दुसऱ्या व्यक्तीने हा दर हाताने ४९० केला असेल, तर ही अट जुळत नाही आणि बदललेल्या ओळींची संख्या शून्य येते. कार्यक्रम ती संख्या तपासतो आणि शून्य आढळल्यास `COMMIT` ऐवजी `ROLLBACK` देऊन ती ओळ नव्याने पडताळणीस पाठवतो. ही अट नसेल, तर हाताने केलेली दुरुस्ती कोणाच्याही नकळत पुसली जाते.

पुढील तारखेचे बदल `product` मध्ये लगेच न लिहिता वेगळ्या कोष्टकात तारखेसह ठेवले जातात आणि त्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी लागू केले जातात. जुना दर पुसला जात नाही. तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालू होता, कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीमुळे बदलला आणि कोणी मंजूर केला, याची नोंद राहते. शेतकऱ्याने २० सप्टेंबरच्या बिलावरील माल परत आणला, तर त्या दिवशीचा दर व कर या नोंदीतूनच मिळतो. लागू केलेली यादी चुकीची निघाल्यास याच नोंदीवरून उलट बदलप्रस्ताव तयार करता येतो. तोही पडताळणीतूनच जातो, कारण दरम्यान काही दर खरोखर बदललेले असू शकतात.

अंमलानंतर दुकानातील दरफलक आणि मांडणीवरील चिठ्ठ्या बदलणे हे काम शिल्लक राहते. मंजूर बदलांची छापील यादी काढून प्रत्येक ओळीपुढे फलक बदलल्याची खूण करतात. सूची बरोबर आणि फलक जुना असा प्रकार घडल्यास गिऱ्हाईकाच्या दृष्टीने दर चुकीचाच असतो.

## मर्यादा

पडताळणीने विचित्र दिसणारी चूक पकडता येते, पण वाजवी दिसणारी चूक सुटू शकते. ४८० रुपयांचा पाइप ५०४ ऐवजी ४९४ असा यादीतच चुकीचा टंकित झाला, तर तो कोणत्याही मर्यादेत अडकत नाही. अशी चूक पुढे खरेदीचे बिल आल्यावर उघड होते. म्हणून माल उतरवून घेताना बिलातील दराची सूचीतील खरेदीदराशी तुलना करणे हा पडताळणीचाच उत्तरार्ध मानला जातो.

दरपत्रकावरील दर अनेकदा यादीदर असतो आणि विक्रेत्याची सवलत फोनवर ठरते. ती फाइलमध्ये नसल्याने कार्यक्रमाला कळत नाही. सवलतीचा टक्का पुरवठादारनिहाय वेगळा नोंदवून ठेवला, तरी हंगामानुसार तो बदलतो आणि त्याची जबाबदारी तपासणाऱ्यावरच राहते. ज्या दुकानात मालक एकटाच यादी मागवतो, वाचतो आणि मंजूर करतो, तेथे दोन माणसांची तपासणी शक्य नसते. तेथे मंजुरी आणि अंमल यांच्यामध्ये एका रात्रीचे अंतर ठेवून सकाळी फक्त परिमाण व कर बदललेल्या ओळी पुन्हा पाहिल्या जातात.